आईचा जर्मनीचा व्हिसा आणि विम्याचा तो एक कागद

फेब्रुवारीत सविताचा फोन आला. सविता माझी धाकटी बहीण, जर्मनीत नर्स आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाळंतपण, आणि इथं यायला डॉक्टर परवानगी देत नव्हते. "ताई, आईला पाठव," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आई ६६ वर्षांची, आयुष्यभर विड्या वळलेली, सोलापूरच्या बाहेर पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा तिरुपती एवढाच प्रवास. बाकीची कागदपत्रं जमवताना धावपळ झाली, पण अडलो असं नाही. खरी दमछाक विम्याच्या कागदाने केली. त्यातलं जे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवते.

पहिला गैरसमज घरातच होता. जर्मनीत राहणारा माणूस पाहुण्याला बोलावतो तेव्हा तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन एक जबाबदारीपत्र करून देऊ शकतो. पाहुण्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च मी करीन, आणि आजारपण आलं तर तोही माझ्यावर, असं त्यात सरकारला लिहून द्यायचं असतं. सविताने २९ युरो भरून ते केलं, पगाराच्या पावत्या दाखवल्या आणि मूळ कागद कुरियरने पाठवला. तो हातात आल्यावर भाऊजी म्हणाले, "आता विमा कशाला? तिने लिहून दिलंय की सगळं." मलाही ते पटलं होतं. मग दूतावासाची यादी पुन्हा वाचली. जबाबदारीपत्राची ओळ वेगळी होती आणि विम्याची वेगळी. दोन्ही लागतात. उलट त्या पत्रामुळे विमा जास्त नीट घ्यायला हवा, कारण विम्याने पैसे दिले नाहीत तर ते बिल कायद्याने सविताच्या दारात जाणार होतं.

१० मार्चला मी नवी पेठेतल्या एका एजंटकडे गेले. आईचा पासपोर्ट, जायची तारीख आणि यायची तारीख दिली. तिकीट तेव्हा नुसतं आरक्षित केलेलं होतं, पैसे भरले नव्हते. १८ मेच्या रात्री मुंबईहून निघणार, १९ मेला सकाळी फ्रँकफर्टला पोचणार, ११ जुलैला तिथून निघून १२ जुलैला मुंबईत. एजंटने दहा मिनिटांत पॉलिसी काढून दिली. ३,९४० रुपये. "मॅडम, युरोपला हीच चालते, रोज काढतो आम्ही," असं म्हणाले. मी पैसे भरले आणि कागद पिशवीत टाकून कामावर गेले.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. माल बाहेरदेशी जातो, त्यामुळे बिलावरचं चलन आधी बघायची सवय आहे. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना पॉलिसी उघडली आणि नजर थेट तिथंच गेली. विम्याची रक्कम ३०,००० होती, पण डॉलरमध्ये. नियम ३०,००० युरोचा आहे. मार्चमध्ये एका युरोला साधारण १.०८ डॉलर पडत होते, म्हणजे ३०,००० युरोचे ३२,४०० डॉलर होतात. आमची पॉलिसी २,४०० डॉलरने कमी पडत होती. आकडा तोच, चिन्ह वेगळं. घाईत कुणाच्याही नजरेतून सुटेल.

हा नियम जर्मनीचा एकट्याचा नाही. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आता २९ देश आहेत, बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण सामील झाले. या सगळ्यांचा थोड्या दिवसांच्या व्हिसासाठी एकच कायदा आहे, २००९ सालचा, त्यातलं १५ वं कलम विम्याचं. मी ते बसून वाचलं. फार मोठं नाही. किमान ३०,००० युरोचं संरक्षण हवं. ते गटातल्या सगळ्या देशांत चाललं पाहिजे, नुसतं ज्या देशात उतरणार तिथं नाही. राहण्याचे सगळे दिवस त्यात बसले पाहिजेत. आणि तातडीचे उपचार, अचानक रुग्णालयात भरती, आजारपणामुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यू, यांचा खर्च त्यात धरलेला असला पाहिजे. यातला परत आणण्याचा मुद्दा नीट बघावा. काही स्वस्त पॉलिसींत फक्त पार्थिव परत आणण्याचं लिहिलेलं असतं. आजारी माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली परत आणणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती स्वतंत्र लिहिलेली हवी. त्याच कलमात असंही आहे की विमा शक्यतो आपण राहतो त्या देशातून घ्यावा, पण दुसऱ्या कुणी अर्जदाराच्या नावाने घेतला तरी चालतो, अटी मात्र याच. म्हणजे सविता तिथल्या कंपनीकडून आईच्या नावाने घेऊ शकली असती. तिने एक बघितलाही. त्यातही जुन्या आजाराचे उपचार वगळलेले होते, म्हणून आम्ही इथूनच घ्यायचं ठरवलं.

डॉलरची चूक दिसल्यावर मी बाकीची पानंही वाचायला घेतली, आणि चौथ्या पानावर थांबले. प्रस्तावाच्या अर्जाची ती प्रत होती. 'आधीपासून असलेला आजार' या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलेलं होतं. खाली आईचं नाव, जन्मतारीख, आणि पुन्हा एक ओळ, की वरची माहिती खरी आहे.

आईला अकरा वर्षं ब्लड प्रेशर आहे. चार वर्षं साखर. रोज सकाळी दोन गोळ्या आणि रात्री एक. तिच्या गोळ्यांचा स्टीलचा डबा देव्हाऱ्याच्या कडेला असतो. पूजा झाली की ती पहिली गोळी घेते. मला एजंटने विचारलंच नव्हतं. मी फोन केला तर म्हणाले, "अहो मॅडम, होय लिहिलं की प्रीमियम वाढतो. व्हिसाला काय फरक पडत नाही, दूतावास बघत नाही ते." त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

दूतावासाला जो कागद दाखवायचा तो एका पानाचा असतो. त्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, रक्कम, कुठल्या देशांत चालतो, एवढंच. त्या पानावर आईचं ब्लड प्रेशर कुठंच नाही. व्हिसा व्यवस्थित मिळाला असता. आणि तिथं जाऊन आईला चक्कर येऊन पडली असती, रुग्णालयाने तिला तपासून अकरा वर्षांच्या गोळ्यांची नोंद केली असती, तर विमा कंपनीने तीच नोंद आणि हे 'नाही' शेजारी ठेवून हात वर केले असते. आजार लपवला तर त्या आजारापुरताच नाही, सगळाच दावा धोक्यात येऊ शकतो. मी त्याच संध्याकाळी एजंटला पॉलिसी रद्द करायला सांगितली. प्रवास सुरू झालेला नव्हता, त्यामुळे थोडी रक्कम कापून ३,६९० रुपये नऊ दिवसांनी खात्यात आले.

दुसऱ्यांदा मी स्वतः कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बसले. एका रविवारी आई शेजारी खुर्ची टाकून बसली आणि मी तिचे डॉक्टरांचे कागद समोर ठेवून अर्ज भरला. आजाराच्या प्रश्नाला 'होय', ब्लड प्रेशर, मधुमेह, गोळ्यांची नावं, किती वर्षं, सगळं. आई म्हणाली, "एवढं सगळं सांगितलं तर पाठवतील का मला?" मी तिला सांगितलं की हे विमावाल्यांना सांगायचं आहे, व्हिसावाल्यांना नाही. तिला तो फरक समजायला वेळ लागला, आणि खरं तर मलाही तो त्या आठवड्यातच समजला होता.

एका कंपनीने दोन पर्याय दाखवले. दोन्हीत रक्कम ५०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ४६,००० युरो. नियमाच्या बराच वर, त्यामुळे दर थोडा हलला तरी चिंता नव्हती. एकाचा प्रीमियम ६,१२० रुपये आणि दुसऱ्याचा ८,७६०. दूतावासाला दाखवायचं पहिलं पान दोन्हींचं अगदी एकसारखं. फरक होता आत, साठीच्या वरच्या लोकांसाठी दिलेल्या एका कोष्टकात. स्वस्त पर्यायात प्रत्येक खर्चाला स्वतःची मर्यादा होती. खोलीचं दिवसाचं भाडं अमुकपर्यंत, अतिदक्षता विभागाचा दिवस अमुकपर्यंत, एका शस्त्रक्रियेला सगळं मिळून १०,००० डॉलर. म्हणजे बाहेर ५०,००० लिहिलेलं असलं तरी आईचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली असती तर १०,००० च्या वरचं सगळं आपल्या खिशातून. महाग पर्यायात या पोटमर्यादा नव्हत्या. मी सविताला कोष्टकाचा फोटो पाठवला. ती तिच्या वॉर्डात रोज बघते, परदेशी पाहुणा आला की बिल कुणाच्या नावावर काढायचं हे आधी विचारलं जातं. तिने एका मिनिटात उत्तर दिलं, "पोटमर्यादा नसलेली घे. वरचे पैसे मी देते."

मग मी ग्राहक सेवेला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. आईला ब्लड प्रेशर आहे हे लिहून दिलंय, तर त्याच्यामुळे काही झालं तर तुम्ही काय देणार? फोनवरच्या मुलाने आधी "सगळं कव्हर आहे मॅडम" म्हटलं. मी म्हटलं, हेच मला मेलवर लिहून द्या. दोन दिवसांनी मेल आला, आणि त्यात 'सगळं' नव्हतं. लिहिलं होतं की जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार, तपासण्या आणि औषधं मिळणार नाहीत. त्या आजारातून अचानक जीवावर बेतेल अशी अवस्था आली तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च १०,००० डॉलरपर्यंत मिळेल. बाकी कुठलाही नवा आजार किंवा अपघात पूर्ण रकमेपर्यंत.

हे वाचून मी थोडी खचले. ५०,००० मधले आईच्या खऱ्या धोक्यासाठी १०,०००च. पण निदान आकडा कळला. सविताने आणि मी बसून ठरवलं की त्याच्या वर लागलं तर कुठून आणायचे. फोनवरचं "सगळं" धरून बसलो असतो तर हे ठरवणं झालंच नसतं. तुमच्या घरातून कुणी वयस्कर माणूस जाणार असेल तर हा एक प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तराची प्रत परदेशातल्या माणसाकडेही ठेवा.

२३ मार्चला ८,७६० रुपये भरले. वजावट १०० डॉलर होती, म्हणजे प्रत्येक दाव्यातले पहिले १०० डॉलर आपले. ज्या देशाचा व्हिसा काढायचा त्याच्या यादीत वजावटीबद्दल काही लिहिलंय का ते आधी बघून घ्यावं. आमच्या यादीत काही नव्हतं.

नावाचं एक सांगते. आईच्या पासपोर्टवर नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनावाच्या रकान्यात आडनाव असं आहे. संकेतस्थळाने मधलं नाव ऐच्छिक ठेवलं होतं. मी ते भरलं, कारण पासपोर्टवर जे आणि जसं आहे तसंच पॉलिसीवर हवं. जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांकही दोनदा वाचून घेतला. आई शेजारून आकडे मोठ्याने म्हणत होती आणि मी टिचक्या मारत होते.

एवढं सगळं करून शेवटी गडबड झाली ती माझ्याच हातून. मार्चच्या शेवटी तिकिटाचे दर बघताना १४ जुलैचं परतीचं तिकीट बरंच स्वस्त दिसलं. सविताही म्हणाली, तीन दिवस जास्त राहू दे. मी आरक्षण बदललं, सविताने तारखा बदलून निमंत्रणपत्र पुन्हा पाठवलं, अर्जातही १४ जुलै लिहिलं. विम्याचा कागद मात्र फाइलमध्ये तसाच राहिला, १८ मे ते १२ जुलै. अर्ज जमा करायच्या चार दिवस आधी रात्री सगळी कागदपत्रं जमिनीवर ओळीने मांडून मी तारखा ताडून बघत होते, तेव्हा लक्षात आलं. शेवटचे दोन दिवस आई विम्याशिवाय तिथं राहणार होती. शेंगेनच्या नाकारण्याच्या छापील फॉर्मवर विमा पुरेसा आणि वैध नसल्याचं कारण स्वतंत्र छापलेलं असतं. त्यामुळे दोन दिवसांची फट ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

दिवस मोजायची रीत इथं सांगते, कारण यात सगळे घोटाळा करतात. दूतावासासाठी पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात. १९ मे ते १४ जुलै म्हणजे मेचे १३, जूनचे ३० आणि जुलैचे १४, एकूण ५७ दिवस. विमा मात्र घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचा घ्यावा, १८ मे ते १५ जुलै, म्हणजे ५९ दिवस. विमान उशिरा सुटलं किंवा तारीख मध्यरात्री उलटली तरी मग फट पडत नाही.

कंपनीला मेल केला, नव्या तिकिटाची प्रत जोडली. ४२० रुपये जास्त भरले आणि दोन दिवसांत दुरुस्तीचा कागद आला. त्याच मेलमध्ये मी व्हिसासाठीचं पत्र मागितलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या ते फुकट देतात, पण मागावं लागतं. मूळ पॉलिसीवर प्रदेश म्हणून 'अमेरिका आणि कॅनडा सोडून सगळं जग' असं असतं. त्यात शेंगेन येतंच, पण खिडकीवरच्या माणसाला ते शोधत बसावं लागतं. या पत्रात स्वच्छ लिहिलेलं असतं की हा विमा सगळ्या शेंगेन देशांत चालतो, रक्कम ३०,००० युरोपेक्षा जास्त आहे, आणि वैद्यकीय कारणाने मायदेशी आणणं, तातडीचे उपचार, भरती आणि मृत्यू त्यात येतात. मी पत्र, दुरुस्तीचा कागद आणि पॉलिसीचं पहिलं पान असे तीन कागद एकत्र टाचले.

८ एप्रिल, मंगळवार. पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रात साडेबाराची वेळ होती. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने निघालो. आईने दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, दौंडच्या पुढे आम्ही ती खाल्ली. केंद्रात फोन आणि पिशव्या बाहेर ठेवायला लावतात, म्हणून पारदर्शक फोल्डरच न्यावा.

खिडकीवरच्या मुलीने विम्याचे कागद घेतले आणि हातात पेन्सिल धरली. मी समोरून बघत होते. आधी तिने पासपोर्टवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव शेजारी ठेवलं. मग परतीचं तिकीट काढलं आणि विम्याच्या शेवटच्या तारखेखाली बारीक रेघ मारली. मग पत्रातल्या रकमेखाली, आणि मग 'शेंगेन' शब्दाखाली. तीन रेघा, अर्धा मिनिट. शेजारच्या खिडकीवर एका काकांना परत पाठवलं, त्यांची पॉलिसी ते पोचणार त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होत होती. ते बाहेर जाऊन फोनवर कुणाला तरी ओरडत होते. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, कारण आठवडाभरापूर्वी आमचाही कागद तसाच होता. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं की कंपनीला मेल करा, तारीख बदलून मिळते, नवी पॉलिसी घ्यायची गरज नाही.

बोटांच्या ठशांना आईला वेळ लागला. विड्या वळून वळून तिच्या उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. यंत्र पाच वेळा नाही म्हणालं. तिथल्या बाईंनी ओल्या कापडाने तिची बोटं पुसली, बोट थोडं दाबून धरलं आणि सहाव्यांदा घेतलं. आई घाबरून माझ्याकडे बघत होती. कुणाच्या घरी असं असेल तर आधीचे चार दिवस रात्री हाताला खोबरेल लावा, थोडा फरक पडतो असं त्या बाई म्हणाल्या.

व्हिसाची फी ९० युरो, ती त्या दिवशीच्या ठरलेल्या रुपयांत. केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरियर वेगळं. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस, गुंतागुंत असेल तर ४५ पर्यंत. आमचा पासपोर्ट २४ एप्रिलला घरी आला. कुरियरवाल्याला विडी घरकुलातला आमचा नंबर सापडेना, मी रिक्षाने चौकापर्यंत जाऊन घेतला आणि तिथंच उभी राहून फोडला.

व्हिसाच्या चिकटपट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वाचताना सविताचाही गोंधळ झाला. वैधता १९ मे ते २९ जुलै, आणि राहण्याचे दिवस ५७. सविता आनंदाने ओरडली, "आई २९ पर्यंत राहू शकते!" तसं नाही. पुढचे १५ दिवस ही सवलत आहे, प्रवास थोडा पुढे सरकला तर म्हणून. राहायचं मात्र ५७ दिवसच. १९ मेला पोचलं तर १४ जुलैला निघायचंच. प्रवास पुढे ढकलला असता तर विम्याच्या तारखाही सोबत सरकवाव्या लागल्या असत्या, आणि ते विमा सुरू असतानाच, संपण्याआधी कळवायला हवं.

जाण्याआधी आईच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये मी एक चिठ्ठी ठेवली. पॉलिसी क्रमांक, कंपनीच्या परदेशातल्या मदत केंद्राचा फोन, आजार आणि गोळ्यांची नावं, सविताचा नंबर. भरती व्हायची वेळ आली तर आधी त्या केंद्राला कळवायचं, म्हणजे बिल थेट भरायची सोय ते बघतात. आमच्या पॉलिसीत त्यासाठी २४ तासांची मुदत होती. गोळ्या ६५ दिवसांच्या दिल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, कारण त्या तिथं विम्यात मिळणार नव्हत्या.

बाळ ४ जूनला झालं, मुलगी. २१ जूनला आईला ताप आला आणि लघवीला जळजळ. सविता तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासणी आणि औषध मिळून ६४ युरो झाले. मदत केंद्राला फोन करून नोंद केली, पण दावा केला नाही. ६४ युरोचे १०० डॉलर होत नाहीत, ते वजावटीतच जातं. दावा करून काही हाती आलं नसतं, नोंद मात्र असावी, कारण तोच ताप पुढे वाढून भरती करायची वेळ आली असती तर सुरुवात कधी झाली ते आधीच लिहिलेलं राहिलं असतं. तीन दिवसांत उतरला.

आई १५ जुलैला परत आली. मुलीचे फोटो दाखवताना तिला विमा आठवतही नव्हता, आणि ते बरंच झालं.

आता आमच्या समोरच्या गल्लीतल्या मावशींच्या मुलाने त्यांना कॅनडाला बोलावलंय, आई-वडिलांसाठी असतो त्या सुपर व्हिसावर. त्या माझी फाइल मागायला आल्या होत्या. मी दिली, पण सांगितलं की तिथं यातलं काही तसंच्या तसं चालणार नाही. त्यांना किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा वैद्यकीय विमा लागतो. मावशींना गुडघ्याचा त्रास आहे आणि थायरॉईड आहे. रविवारी त्यांना डॉक्टरांचे सगळे कागद घेऊन बोलावलंय, अर्जातला तो प्रश्न आम्ही दोघी मिळून भरणार आहोत.